सात ओळींचं भांडण

सॉल्व्हरला एखादं मॉडेल सोडवायला दिलं आणि उत्तर सापडलं नाही, तर तो फार बोलत नाही. पडद्यावर एक ओळ येते: `Model is infeasible`. तुम्ही लिहिलेल्या सगळ्या अटी एकाच वेळी पाळणारं एकही उत्तर अस्तित्वात नाही, एवढाच तिचा अर्थ. दोष कोणत्या अटीत आहे, तो टंकलेखनाचा आहे की वस्तुस्थितीचा, किती अंतराने हुकलं, यातलं काहीही ती ओळ सांगत नाही. शंभर-दोनशे अटींच्या मॉडेलपुढे अशी ओळ आली की माणूस सहसा एकच गोष्ट करतो. संशय असलेली एखादी अट बंद करून बघतो. जमलं नाही तर दुसरी बंद करतो.

ही पद्धत वाटते तितकी निरुपद्रवी नाही. एखादी अट काढल्यावर मॉडेल सुटलं, तर तीच अट चुकीची होती असा समज होतो. प्रत्यक्षात ती भांडणातली फक्त एक बाजू असते, आणि बऱ्याचदा बरोबर असलेली बाजू. उलट मॉडेलमध्ये एकमेकांशी संबंध नसलेली दोन भांडणं असतील, तर कोणतीही एक अट काढून काहीच फरक पडत नाही आणि शोधणारा हात टेकतो. म्हणून प्रश्न जरा वेगळा विचारावा लागतो. ‘कोणती अट चुकीची?’ असं न विचारता ‘कोणत्या अटी एकत्र नांदू शकत नाहीत?’ असं विचारायचं. या दुसऱ्या प्रश्नाला नेमकं उत्तर असतं आणि ते यंत्राकडून काढून घेता येतं.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. उदाहरण कल्पित आहे, पण कोणत्याही रुग्णालयाच्या वॉर्डमध्ये दर आठवड्याला घडणारं आहे. वॉर्डात आठ सिस्टर आहेत. त्यांना ए, बी, सी असं करत एचपर्यंत अक्षरं देऊ. दिवसाला तीन पाळ्या: सकाळी तिघी लागतात, दुपारी दोघी, रात्री दोघी. सोमवार ते रविवार असा आठवड्याचा ड्युटीचा तक्ता लावायचा आहे. प्रत्येक सिस्टर, प्रत्येक दिवस आणि प्रत्येक पाळी यांच्यासाठी एक चल घेतला, ज्याची किंमत ड्युटी असेल तर 1 आणि नसेल तर 0. असे एकूण 168 चल झाले.

आता अटी. पाळ्यांच्या गरजेच्या 21. एका दिवसात एकीला एकच पाळी, या 56. आठवड्यात सहाच्या वर ड्युट्या नाहीत, या 8. रात्री किमान एक सीनियर सिस्टर हवी, या 7. सीनियर तिघीच आहेत, ए, बी आणि सी. रात्रपाळी केलेल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी सकाळही द्यायची नाही आणि रात्रही नाही, या 96. शिवाय सीने शनिवार-रविवारची रजा घेतली आहे, त्याच्या 6. बीला डॉक्टरांच्या दाखल्यामुळे आठवडाभर रात्रपाळी द्यायची नाही, त्याच्या 7. बेरीज 201. यातली कुठलीही अट ऐकायला अवाजवी वाटत नाही. तरीही सॉल्व्हर म्हणतो, अशक्य.

गणितात अशा अशक्यतेचा अभ्यास जुना आहे. हंगेरीचे ग्युला फार्कश यांनी 1902 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रमेयाचा आशय असा: रेषीय असमानतांचा संच अशक्य असेल, तर त्यातल्या काही असमानतांना योग्य अंकांनी गुणून त्यांची बेरीज केली की उघड खोटं विधान हाती येतं, म्हणजे ‘शून्य एकाहून मोठा आहे’ अशा जातीचं काहीतरी. म्हणजे अशक्यतेला पुरावा असतो आणि तो तपासता येतो. पण पुराव्यात नको त्या अटीही शिरलेल्या असू शकतात. त्या गाळत गाळत गाभ्यापर्यंत जायचा विचार पुढे 1980 च्या दशकात सुरू झाला. व्हॅन लून यांनी 1981 साली अशा गाभ्याचं नेमकं वर्णन मांडलं. ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातले जॉन चिनेक यांनी ड्राव्हनिक्स यांच्याबरोबर 1991 साली तो शोधण्याच्या व्यवहार्य पद्धती दिल्या. आज व्यावसायिक सॉल्व्हरमध्ये एका आज्ञेवर जे मिळतं, त्याच्या मुळाशी बव्हंशी हेच काम आहे.

या गाभ्याला आयआयएस म्हणतात. त्याला दोन कसोट्या लावायच्या. पहिली, तो संच स्वतःच अशक्य असला पाहिजे; बाकीचं मॉडेल पूर्ण विसरलं तरी एवढ्या अटी एकत्र पाळता येत नाहीत. दुसरी, त्यातली कोणतीही एक अट काढली की उरलेल्या लगेच शक्य व्हायला हव्यात. म्हणजे त्यात उगाच आलेलं कोणी नाही, भांडणातल्या प्रत्येक पक्षाचा हात आहे. इथे एक गल्लत हमखास होते. आयआयएस म्हणजे सगळ्यात लहान संच नव्हे, फक्त आणखी छाटता न येणारा संच. एकाच मॉडेलमध्ये सात अटींचा एक आणि सत्तर अटींचा दुसरा असे दोन्ही असू शकतात आणि दोन्ही तितकेच खरे असतात. सगळ्यांत लहान संच हमखास शोधणं हा संगणकालाही अवघड जाणारा, एनपी-हार्ड प्रकारचा प्रश्न आहे. म्हणून सॉल्व्हर त्या वाटेला जात नाही, हाताला लागेल तो देतो.

शोधायची सगळ्यात साधी रीत म्हणजे एकेक अट वगळून बघणं. हाताने करतो तेच, पण शिस्तीने. पहिली अट काढा आणि उरलेल्या 200 अटींवर फक्त ‘शक्य की अशक्य’ एवढंच विचारा. उद्दिष्टाची, म्हणजे खर्च कमी की रजा जास्त याची, इथे गरज नाही. उरलेल्या अजूनही अशक्य असतील, तर काढलेली अट भांडणाला आवश्यक नव्हती. तिला कायमची बाहेर ठेवा. उरलेल्या शक्य झाल्या, तर ती अट आवश्यक होती. तिला परत आत घ्या आणि पुन्हा हात लावू नका. मग दुसरी अट, तिसरी, असं करत शेवटपर्यंत जा. यादी संपली की आत उरलेल्या अटी म्हणजे एक आयआयएस. हाताने करणारा माणूस चुकतो तो नेमका इथे: अट काढून काही झालं नाही की तो ती परत घालतो. ती बाहेरच ठेवायची, हाच या पद्धतीचा सगळा जोर आहे.

आपल्या तक्त्यावर चालवून बघू. अटी वर सांगितल्या त्याच क्रमाने आहेत असं धरा. सोमवार सकाळची गरज काढली, तरी अशक्यच, बाहेर. गरजेच्या बाकीच्या वीसही तशाच एकेक करून जातात. ‘दिवसाला एकच पाळी’ याच्या छप्पन्न जातात. आठवड्याच्या मर्यादेच्या आठ जातात. सीनियर सिस्टरच्या सातपैकी सोमवार ते शुक्रवार या पाच जातात. शनिवारची काढली आणि सॉल्व्हर पहिल्यांदाच म्हणाला, शक्य. म्हणजे ती आत. रविवारचीही आत. विश्रांतीच्या शहाण्णवपैकी पंच्याण्णव गेल्या आणि एकच राहिली: एने शनिवारी रात्र केली तर रविवारी रात्र नाही. शेवटी रजेच्या सहांतल्या दोन आणि दाखल्याच्या सातांतल्या दोन राहिल्या. 201 वेळा विचारलं, 194 अटी गेल्या, 7 उरल्या.

दोनशे वेळा सोडवणं म्हणजे वेळखाऊ काम वाटेल. पण एक अट कमी झालेला प्रश्न आधीच्यापेक्षा फारसा वेगळा नसतो आणि सॉल्व्हर मागच्या स्थितीपासून पुढे चालतो, त्यामुळे रेषीय मॉडेलमध्ये हे काम लवकर होतं. फार्कशचा पुरावा इथे आणखी मदत करतो. रेषीय मॉडेल अशक्य ठरवताना सॉल्व्हरच्या हाती ते गुणकही आलेले असतात. ज्या अटींचा गुणक शून्य आहे, त्या पुराव्यात नाहीतच. त्या एका फटक्यात बाजूला करता येतात आणि एकेक वगळण्याचं काम उरलेल्या मूठभर अटींपुरतंच करावं लागतं. दुसरी युक्ती अर्ध्याची आहे. अर्ध्या अटी काढूनही मॉडेल अशक्यच राहिलं, तर शंभर प्रश्न एका प्रश्नात मिटले. उलरिश युंकर यांची 2004 सालची क्विकएक्सप्लेन नावाची पद्धत याच धर्तीवर, भाग पाडत पाडत चालते.

खरी अडचण पूर्णांकांची आहे. आपले चल 0 किंवा 1 एवढेच असू शकतात, पण फार्कशचा पुरावा मधल्या सगळ्या किमती धरून चालतो. कधी कधी मॉडेल अपूर्णांकांत शक्य आणि पूर्णांकांत अशक्य असतं. समजा, ई, एफ आणि जी या तिघींपैकी कोणत्याही दोघींची जोडी घेतली तरी रविवारी त्यातली नेमकी एकच कामावर हवी, असं कोणी लिहिलं. ई आली तर एफ नको आणि जीही नको. पण मग एफ-जी या जोडीतली एकही आली नाही. ई आली नाही तर एफ आणि जी दोघींना यावं लागतं आणि त्यांच्या जोडीत दोघी झाल्या. तिढा सुटत नाही. अपूर्णांकांना मात्र काही अडचण नाही: तिघी अर्ध्या-अर्ध्या आल्या की तिन्ही जोड्यांची बेरीज बरोबर 1. अशा ठिकाणी पुराव्याचे गुणक मिळतच नाहीत. प्रत्येक ‘शक्य की अशक्य’ हा प्रश्न शाखा फोडत सोडवावा लागतो आणि मोठ्या मॉडेलमध्ये आयआयएस काढायला मूळ मॉडेलपेक्षा कितीतरी जास्त वेळ जाऊ शकतो. गुरोबीसारख्या सॉल्व्हरला वेळेची मर्यादा घातली आणि काम अर्ध्यावर थांबलं, तर तोवर जेवढं छाटून झालं तेवढा संच मिळतो. `IISMinimal` नावाच्या खुणेची किंमत बघितली की तो पूर्ण छाटलेला आहे की नाही ते कळतं. ही खूण न बघता संच वाचायला बसणारे भांडणाशी संबंध नसलेल्या अटींवरही डोकं खपवत बसतात.

आपल्या मॉडेलमध्ये पूर्णांकांची भानगड नाही, भांडण अपूर्णांकांतही तसंच आहे. गुरोबीत पायथनमधून आज्ञा अशा द्यायच्या:

```
model.optimize()
if model.Status == GRB.INFEASIBLE:
    model.computeIIS()
    model.write("roster.ilp")
```

एक खबरदारी. कधी कधी उत्तर नुसतं ‘अशक्य’ असं न येता `INF_OR_UNBD`, म्हणजे ‘अशक्य किंवा अमर्याद’, असं येतं. मॉडेल आधीच आटोपशीर करताना सॉल्व्हरला काहीतरी बिघडलेलं दिसतं, पण नेमकं कोणतं ते तो ठरवत नाही. तेव्हा `DualReductions` ही सेटिंग 0 करून पुन्हा चालवावं आणि खरोखर अशक्य असल्याची खात्री झाल्यावरच आयआयएस मागावा. अमर्याद मॉडेलमध्ये भांडण नसतंच, तिथे एखादी अट लिहायचीच राहून गेलेली असते.

बनलेली फाइल साध्या मजकुराची असते. तिचा गाभा असा दिसतो:

```
senior_Sat: x[A,Sat,N] + x[B,Sat,N] + x[C,Sat,N] >= 1
senior_Sun: x[A,Sun,N] + x[B,Sun,N] + x[C,Sun,N] >= 1
rest_A_Sat: x[A,Sat,N] + x[A,Sun,N] <= 1
leave_C_Sat: x[C,Sat,N] = 0
leave_C_Sun: x[C,Sun,N] = 0
medical_B_Sat: x[B,Sat,N] = 0
medical_B_Sun: x[B,Sun,N] = 0
```

ओळी वाचायच्या कशा, तर बेरीज करून. पहिल्या दोन ओळी मिळवल्या की शनिवार आणि रविवारच्या रात्री मिळून किमान दोन सीनियर ड्युट्या हव्यात. शेवटच्या चार ओळींनी बी आणि सी दोन्ही रात्रींना बाद झाल्या. म्हणजे दोन्ही ड्युट्या एकट्या एच्या वाट्याला आल्या. आणि तिसरी ओळ म्हणते, एला दोन्हींपैकी एकच. दोन हे एकाहून कमी किंवा एकाएवढे आहेत, असं खोटं विधान हाती आलं. फार्कशचा पुरावा तो हाच, आणि इथे सगळे गुणक एकच आहेत म्हणून तो बोटांवर मोजता येतो.

ही फाइल वाचता आली ती ओळींना नावं असल्यामुळे. अटींना नावं दिली नाहीत, तर गुरोबी त्यांना `R0`, `R1` अशी आपली नावं देतो. मग ‘`R87`, `R88` आणि `R163` भांडतायत’ असा निरोप येतो आणि त्या कोण हे शोधण्यात दुपार जाते. मॉडेल लिहिताना आळस करायचाच असेल तर दुसरीकडे कुठेतरी करावा, नावांत नको. नावात नियम, व्यक्ती आणि दिवस तिन्ही असले की आयआयएस थेट मेट्रनपुढे ठेवता येतो.

मेट्रनला मात्र सात ओळी दिसत नाहीत, तिला चार गोष्टी दिसतात: रात्री सीनियर हवी हा नियम, रात्रीनंतर विश्रांती हा नियम, सीची रजा, बीचा दाखला. सॉल्व्हर ओळी मोजतो, माणसं निर्णय मोजतात. म्हणून मोठ्या मॉडेलमध्ये अटींचे गट पाडून गटच्या गट वगळून बघणं अनेकदा जास्त कामाचं ठरतं. रजेच्या सहा ओळी एकत्र धरायच्या, दाखल्याच्या सात एकत्र. सीप्लेक्स नावाच्या सॉल्व्हरमध्ये याच कामाला गट पाडण्याची आणि गटांना पसंतीक्रम देण्याची सोय आहे. प्रश्नही कमी वेळा विचारावे लागतात आणि निघणारं उत्तर बोलण्याच्या भाषेत असतं.

चारांपैकी काय बदलायचं, हे आयआयएस सांगत नाही. गणिताच्या दृष्टीने चारही सारखेच दोषी आहेत. यंत्राने इथे निवड करून द्यावी अशी अपेक्षा नव्या लोकांना असते आणि मला ती धोक्याची वाटते. बीचा दाखला आणि सीची रजा यांत फरक करायला वॉर्ड माहीत असावा लागतो. आपल्या मेट्रनने पाचवा रस्ता काढला असं धरू: डी ही अनुभवी सिस्टर आहे, या आठवड्यापुरती तिला रात्रीची सीनियर धरा. सीनियरच्या सातही अटींत डीचं नाव मिळवलं आणि मॉडेल पुन्हा चालवलं.

पुन्हा तेच: अशक्य.

यात सॉल्व्हरची चूक नाही. एक आयआयएस म्हणजे एकच भांडण. वगळण्याची पद्धत एका वेळी एकच शोधते आणि वाटेत दुसऱ्याचा मागमूसही ठेवत नाही. आपल्याकडे पहिल्यापासून दुसरं भांडण होतं. पहिल्या फेरीत सोमवार सकाळची गरज काढली तेव्हाच ते मोडलं. पण शनिवार-रविवारच्या रात्रींचं भांडण शिल्लक असल्यामुळे मॉडेल अशक्यच राहिलं आणि ती अट बाहेर गेली. कोणता संच हाती लागणार हे अटी तपासायच्या क्रमावर ठरतं. ज्या भांडणातली पहिली अट यादीत सगळ्यात उशिरा येते, ते टिकतं. मूळ यादी उलटी करून रजा आणि दाखल्यापासून सुरुवात केली असती, तर सात ओळींचं भांडण सुरुवातीलाच मोडलं असतं आणि आत्ता जे निघतंय ते आधी निघालं असतं.

नवीन संच 29 ओळींचा आहे. पाळ्यांच्या गरजेच्या सगळ्या 21 आणि आठवड्याच्या मर्यादेच्या सगळ्या 8. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हे तर अर्धं मॉडेल झालं, यातून काय कळणार? पण हाही बेरजेनेच वाचायचा. डाव्या बाजूला सगळीकडे तेच 168 चल आहेत. गरजेच्या अटींची बेरीज: रोज 3 अधिक 2 अधिक 2, म्हणजे 7, आणि सात दिवसांच्या 49. मर्यादेची बेरीज: आठ सिस्टर, प्रत्येकी 6, म्हणजे 48. एकोणपन्नास ड्युट्या हव्यात आणि अठ्ठेचाळीसच आहेत. यातली एकही ओळ काढली तर हिशेब जमतो, म्हणून संच आणखी छाटता येत नाही. लांबलचक आयआयएस आला आणि त्यात एकाच साच्याच्या ओळी दिसल्या, तर तो बहुधा असाच मोजदादीचा प्रश्न असतो. ओळी निरखत बसण्यात अर्थ नाही. साच्यानुसार बेरीज करून दोन आकडे शेजारी ठेवावेत.

एक ड्युटी कमी पडते, तर रविवारी सकाळी तिघींऐवजी दोघींवर भागवू, असं कोणीही म्हणेल. तसं केलं, गरज 48 वर आणली आणि चालवलं, तरी तिसऱ्यांदा ‘अशक्य’ येतं. सीला शनिवार-रविवारची रजा आहे आणि दिवसाला एकच पाळी मिळते, त्यामुळे तिची मर्यादा कागदावर 6 असली तरी प्रत्यक्षात ती 5 च करू शकते. उपलब्ध ड्युट्या 48 नव्हे, 47. एकोणतीस ओळींच्या संचात सीची रजा नव्हतीच, कारण त्या भांडणाला तिची गरज नव्हती. दोन आकड्यांत विसंगती आहे एवढं सिद्ध करायला 48 पुरेसे होते. आयआयएसची खरी मर्यादा ती हीच: भांडण आहे का आणि कोणाचं, हे तो चोख सांगतो, किती सोडावं लागेल हे सांगणं त्याचं काम नाही. एकेक भांडण शोधून मिटवत राहिलं तर शेवट येतो, पण प्रत्येक वेळी किती सोडायचं याचा अंदाजच बांधत राहावा लागतो.

किती हा प्रश्न निराळ्या साधनाने विचारायचा असतो. ज्या अटी सैल करायला हरकत नाही, त्यांना प्रत्येकी एक सवलतीचा चल जोडायचा आणि सॉल्व्हरला सांगायचं, एकूण सवलत कमीत कमी ठेव. चिनेक यांच्या पद्धतींत अशा ताणल्या जाणाऱ्या अटी संच शोधण्यासाठीही वापरल्या आहेत. इथे त्या मोजण्यासाठी वापरायच्या. रविवार सकाळची गरज परत 3 केली आणि फक्त गरजेच्या 21 अटींना सवलत दिली:

```
model.feasRelax(0, False, None, None, None,
                demand, [1]*21)
model.optimize()
```

उत्तर आलं 2. एकूण दोन ड्युट्या कमी पडतात, एक नव्हे. यापेक्षा कमीत भागणार नाही, हे 49 वजा 47 या साध्या हिशेबावरून दिसतंच. दोनांत खरोखर भागतं का, रात्रीनंतरच्या विश्रांतीसकट आणि सीनियरच्या अटीसकट, हे मात्र हिशेबाने दिसत नव्हतं. ते सॉल्व्हरने तक्ता लावूनच दाखवलं.

ही आज्ञा आधीच का दिली नाही, असा प्रश्न पडेल. पहिल्याच फेरीत सगळ्या अटींना सवलत दिली असती, तर सॉल्व्हरने कुठेतरी थोडं वाकवून एक तक्ता दिलाच असता. पण त्याला सगळ्या सवलती सारख्याच किमतीच्या. बीला दाखला असताना एक रात्र देणं आणि एखाद्या सकाळी एक सिस्टर कमी असणं, दोन्हींची किंमत 1. तक्ता हाती आला असता आणि दाखल्याचा भंग त्यात दडून गेला असता. आधी भांडण समजून घ्यायचं, कोणत्या अटी वाकवता येतात ते माणसांनी ठरवायचं आणि मग तेवढ्याच अटींना सवलत द्यायची, हा क्रम म्हणून महत्त्वाचा. `[1]*21` च्या जागी वेगवेगळे दंड लिहिता येतात: रात्रीच्या गरजेला 10, आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या सकाळी-दुपारींना 3, शनिवार-रविवारच्या सकाळी-दुपारींना 1. तेव्हा किमान दंड 2 येतो आणि कपात शनिवार-रविवारवरच पडते. शनिवार आणि रविवारच्या सकाळी तीनऐवजी दोन केल्या की बाकी सगळे नियम पाळणारा तक्ता बसतो. ए सोमवार, गुरुवार आणि शनिवारच्या रात्री करते. डी मंगळवार, शुक्रवार आणि रविवारच्या. बुधवारची रात्र सीकडे येते. सी सोडून प्रत्येकीला एकेक साप्ताहिक सुट्टी मिळते आणि सी सोमवार ते शुक्रवार येते.

सवलत गरजेऐवजी आठवड्याच्या मर्यादेला दिली असती, तर कमतरता तेवढीच राहिली असती, फक्त तिचं रूप बदललं असतं. याच तक्त्यात शनिवारी सुट्टी असलेल्या एचला आणि रविवारी सुट्टी असलेल्या ईला त्या दिवशी सकाळी बोलावलं की एकोणपन्नासही ड्युट्या भरतात. दोघींची साप्ताहिक सुट्टी जाते, विश्रांतीचा एकही नियम मोडत नाही. दोन सकाळी एकेक सिस्टर कमी, की दोन सिस्टर सातही दिवस कामावर, हे दोन्ही पर्याय मेट्रनपुढे ठेवता येतात आणि तिसरा म्हणजे त्या दोन सकाळींपुरती दुसऱ्या वॉर्डातून कोणीतरी मागवणं. तिसरा पर्याय घेतला तर मॉडेलमध्ये नववी सिस्टर घालायची, तिला शनिवार आणि रविवारच्या सकाळींशिवाय सगळीकडे 0 ठेवायचं, आणि या ओळींनाही नावं द्यायची.